वर्गातल्या चपलांच्या नंबरांवरून सरासरी, मध्यक, बहुलक: मी तीन तास कसे घेते

प्रश्न: मी आठवीला गणित शिकवतो. मुलं सरासरी, मध्यक, बहुलकाच्या व्याख्या पाठ करतात, पण गणित दिलं की तिन्हींची खिचडी करतात. वर्गातल्या मुलांच्या बुटा-चपलांचे नंबर घेऊन शिकवायचं डोक्यात आहे. नक्की कसं घेऊ, किती तास लागतील आणि कुठे फसतं?

सर, मी गेली बरीच वर्षं हाच धडा चपलांच्या नंबरांवरूनच घेतेय, तेव्हा सरळ माझं जे बसलंय तेच सांगते. तीन तास लागतात, आणि आदल्या दिवशी मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं. दोन तासांत उरकायला गेलं की तिसरी गोष्ट, म्हणजे कुठली संख्या कधी वापरायची ही, राहून जाते आणि खरं तर तेवढ्यासाठीच चपला आणायच्या, नाहीतर क्रिकेटचे रन घेऊनही सरासरी शिकवता येतेच की.

आधी शब्दांचं सांगते कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. आपल्या बालभारतीच्या मराठी पुस्तकात मीनला "मध्य" म्हणतात आणि मीडियनला "मध्यक". आता मुलाला "मध्य" म्हटलं की त्याला मधला आकडाच दिसणार, त्याची काय चूक? आणि सेमीच्या वर्गात मीन, मीडियन, मोड, तिन्ही म वरूनच सुरू. म्हणून मी पहिले दोन तास "मध्य" हा शब्द फळ्यावर लिहीतच नाही, "सरासरी" म्हणते, आणि शेवटच्या तासाला सांगते की पुस्तकातला मध्य म्हणजे आपली सरासरीच. दुसरं म्हणजे आठवीच्या पुस्तकात भर आहे तो वारंवारता सारणीवरून मध्य काढण्यावर, मध्यक-बहुलक रीतसर नववीला येतात. पण एकच माहिती हातात असताना तिन्ही शेजारी शेजारी दिसली तर फरक जास्त कळतो, त्यामुळे मी आठवीतच तिन्ही घेते, नववीची सूत्रं मात्र आणत नाही.

आता माहिती गोळा करणं. इथे मी सुरुवातीच्या वर्षांत मोठी चूक केली होती. सरळ हजेरी घेतल्यासारखं एकेकाला उभं करून "तुझा नंबर किती" विचारलं. एक मुलगा काही बोलेचना. नंतर कळलं की तो मोठ्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालत होता, बुटावर 8 लिहिलेलं आणि त्याचं पाऊल जेमतेम पाचचं. आणि एका मुलीने 8 सांगितल्यावर मागच्या बाकावर जे हसू फुटलं ते मला अजून आठवतं. तिचं पाऊल मोठं होतं, एवढंच. तेव्हापासून मी दोन गोष्टी पक्क्या केल्यात. एक, कुणाच्याही चपलेवरचा आकडा घ्यायचा नाही, पाऊल मोजायचं. दोन, आकड्यावर नाव नको.

मोजायचं असं: भिंतीला टाच टेकवून मूल कागदावर उभं राहतं, पुढच्या बाजूने सगळ्यात लांब बोटाला वही उभी टेकवायची (सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, कितीतरी मुलांचं शेजारचं बोट लांब असतं), तिथे पेन्सिलीची रेघ, आणि भिंतीपासून रेघेपर्यंतचं अंतर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत. मोजे काढून, दोन्ही पावलं, त्यातलं मोठं धरायचं. दोन-दोनच्या जोड्या करून दिल्या की पंधरा मिनिटांत वर्ग मोजून होतो. मग लांबीवरून नंबर. आपल्याकडे बुटांवर जो नंबर असतो तो बहुतेक ब्रिटिश पद्धतीचा, त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. साधारण 22 सेंटिमीटरच्या पावलाला 3 नंबर, 23 ला 4, 24 च्या जरा आत 5, साडेचोवीसला 6, साडेपंचवीसला 7, 26 ला 8, 27 ला 9, एवढा तक्ता मी भिंतीला लावते. मधली लांबी आली तर वरचा नंबर घ्या म्हणते. कंपनीकंपनीत अर्ध्या नंबराचा फरक पडतो, पण आपल्या कामाला हा तक्ता पुरतो, फक्त सगळ्यांना एकच तक्ता लागला पाहिजे.

मूल आपली लांबी आणि नंबर एका चिठ्ठीवर लिहितं, कोपऱ्यात फक्त मुलगा की मुलगी एवढी खूण, चिठ्ठी डब्यात. संपलं.

तुम्ही म्हणाल एवढं कशाला, बुटावरचा आकडा वाचायला काय झालं. लाज-संकोच सोडला तरी आकडेच एका जातीचे नसतात. मुलींच्या सँडलवर कितीदा 37, 38 असतं, ती युरोपातली पद्धत. आणि वर्गातल्या एखाद्या बारक्या पोराच्या बुटावर 13 असतं! लहान मुलांचे नंबर 13 पर्यंत जातात आणि पुढे मोठ्यांचे परत 1 पासून सुरू होतात, म्हणजे ते 13 हे 1 च्या आधीचं आहे, 12 च्या नंतरचं असलं तरी. हा आकडा तसाच रांगेत लावला तर वर्गातलं सगळ्यात छोटं पाऊल सगळ्यात मोठं होऊन बसतं. मी ही गंमत लपवत नाही, पण पहिल्या तासाला नाही, दुसऱ्या तासाला मुद्दाम आणते, पुढे सांगते.

आता खरा वर्ग घेऊ. 35 मुलं, 17 मुली आणि 18 मुलगे. चिठ्ठ्या उघडल्यावर मुलींच्यात 3 नंबरच्या 2, 4 च्या 5, 5 च्या 7, 6 च्या 3. मुलग्यांत 5 चा 1, 6 चे 3, 7 चे 8, 8 चे 4, 9 चे 2. सगळा वर्ग मिळून 3 नंबर 2 जणांचा, 4 पाच जणांचा, 5 आठ जणांचा, 6 सहा जणांचा, 7 आठ जणांचा, 8 चार जणांचा, 9 दोघांचा. तुमच्या वर्गाचे आकडे वेगळे येतील पण मुली आणि मुलगे वेगवेगळ्या नंबरांशी गर्दी करणार हे आठवीत हमखास होतं, कारण या वयात मुलींच्या पावलांची वाढ बरीचशी होऊन गेलेली असते आणि मुलग्यांची जोरात चालू असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय पावलांचं मोजमाप केलं, लाखावर लोकांची पावलं मोजली, त्यातही वाढीचा भर मुलींचा अकराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलग्यांचा पंधरा-सोळाच्या आसपास असं पुढे आलं. म्हणजे तेरा-चौदाचा वर्ग अगदी मधे सापडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळ्या धड्याची मजा यावर आहे.

पहिला तास: बहुलक आणि मध्यक. सरासरी नाही. मी क्रम मुद्दाम उलटा घेते, कारण सरासरी मुलांना आधीच येत असते, ती आधी घेतली की पुढच्या दोन्हींना मुलं "बेरीज करून भागायचं" हेच लावतात.

फळ्यावर ताळ्याच्या खुणा करून सारणी भरायची, चिठ्ठ्या एकेक मूल वाचणार, दुसरं खूण करणार. खुणा भरत असतानाच वर्गातून "पाचला जास्त, नाही नाही सातला" सुरू होतं. तोच बहुलक, त्याला आणखी व्याख्या लागत नाही. आपल्या वर्गात 5 आणि 7 दोन्हीला आठ-आठ, म्हणजे दोन बहुलक. मुलं विचारतात "बाई, दोन चालतात का?" तर चालतात, जे आहे ते आहे. तेव्हा मुलं "मग त्या दोघांच्या मधला 6 घेऊ" असंही म्हणतात, ते लगेच थांबवा, 6 ला सहाच खुणा आहेत, फळ्यावर दिसतायत.

इथली ठरलेली चूक म्हणजे बहुलक विचारला की किती वेळा ते लिहिणं. चपलांच्या नंबरांत ही चूक जास्त लपते, कारण वारंवारताही तशाच छोट्या संख्या असतात. मुलींचा बहुलक विचारा. बरोबर उत्तर 5, कारण 5 नंबर सात जणींचा. निम्मा वर्ग 7 लिहितो. आणि 7 हा नंबरही असतो त्यामुळे उत्तर बघून वेडंवाकडं वाटतही नाही. मी एवढंच म्हणते, "7 नंबरवाल्या मुलीची चिठ्ठी काढून दाखव." डब्यात मुलीची खूण असलेली 7 ची चिठ्ठीच नसते. मूल चिठ्ठ्या उलटसुलट करतं, थांबतं, आणि स्वतःच म्हणतं "हां, 7 जणी आहेत, नंबर 5 आहे." हे एकदा हाताने शोधून झालं की पुढच्या परीक्षेत ती चूक क्वचितच दिसते.

मग मध्यक. चिठ्ठ्या परत डब्यात, चांगल्या ढवळायच्या, प्रत्येकाने एक उचलायची. आता कुणाच्या हातात कुणाचा नंबर आहे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे हसायला काही उरत नाही. सगळ्यांनी व्हरांड्यात हातातल्या नंबराप्रमाणे चढत्या क्रमाने एका रांगेत. एकसारखे नंबर आले की कोण पुढे कोण मागे यावरून भांडण होतं, तिथे विचारा की "दोन चारवाल्यांनी जागा बदलल्या तर रांगेत वाचल्या जाणाऱ्या आकड्यांत काही फरक पडेल का?" नाही पडत, मग उभे राहा कसेही. आता दोन्ही टोकांचं एकेक मूल एकदम खाली बसणार. टाळी, दोन बसले. टाळी, दोन बसले. सतरा टाळ्यांनंतर एकच मूल उभं, त्याच्या अलीकडे सतरा, पलीकडे सतरा. हातात चिठ्ठी 6. हाच मध्यक.

एक मूल कमी करून परत करा, 34 जणांत. शेवटी दोघं उभी राहतात. त्यांच्या हातात सारखा नंबर असला तर तोच, वेगळा असला तर दोघांची बेरीज करून निम्मं. हे समजवायला मी एखाद्या बाकावरच्या सहा चिठ्ठ्या घेते, 4, 5, 5, 6, 7, 7, मधले दोन 5 आणि 6, मध्यक 5.5. इथे एखादं मूल म्हणतं साडेपाच कुणाचाच नाही, बरोबर आहे, आणि ती तक्रार जपून ठेवा, तिसऱ्या तासाला लागणार आहे.

मध्यकातली सगळ्यात चिवट चूक वर्गात परतल्यावर येते, वहीत. मूल सारणी बघतं, 3, 4, 5, 6, 7, 8, 9, सात नंबर, मधला 6, लिहिलं मध्यक 6. आणि आपल्या वर्गाचं उत्तर खरंच 6 आहे! तुम्ही बरोबरची खूण करून पुढे जाता आणि मुलाच्या डोक्यात चुकीची रीत पक्की होते. माझं हे वर्षानुवर्षं निसटत होतं, कारण उत्तर तपासलं की बरोबरच दिसायचं. आता मी लगेच फक्त मुलींची सारणी देते. नंबर 3, 4, 5, 6. ज्याने नुसते नंबर बघितले तो 4.5 लिहितो. खरं बघायचं तर 17 मुली, मधली नववी. 3 च्या 2, त्यात 4 च्या 5 मिळवल्या की 7, त्यात 5 च्या 7 मिळवल्या की 14, म्हणजे आठवीपासून चौदावीपर्यंत सगळ्या 5 वाल्या, नववीही त्यातच. मध्यक 5. चुकलेल्यांना बोलवून सांगण्यापेक्षा परत रांग करा, सतरा चिठ्ठ्या फरशीवर मांडल्या तरी चालतं, तेवढ्यात काम होतं. सारणीतली एक ओळ म्हणजे एक मूल नाही, तिथे अख्खा गठ्ठा उभा आहे, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दुसरा तास सरासरीचा. आणि इथे मी थोडा वेळ नंबर बाजूला ठेवते. कारण सरासरीची कल्पना वाटून घेण्याची आहे, ज्याच्याकडे जास्त त्याचं थोडं काढून कमीवाल्याला दिलं आणि सगळे सारखे केले. नंबर असा वाटून घेता येत नाही, पण लांबी येते. चार मुलांनी (स्वतःहून पुढे आलेली घ्या) आपापल्या पावलाएवढी कागदाची पट्टी कापायची. आमच्याकडे एकदा 22.5, 23.5, 25 आणि 27 सेंटिमीटर अशा पट्ट्या आल्या. चारही टोकाला टोक लावून मागून चिकटपट्टीने जोडायच्या, एकावर एक चढवायच्या नाहीत, चढवल्या की एकूण लांबी कमी भरते आणि सरासरीही कमी येते. झाली 98 सेंटिमीटरची लांब पट्टी. आता ती अर्ध्यात दुमडा, परत अर्ध्यात दुमडा. घडी मोजा. साडेचोवीस. ना बेरीज केली ना भागाकार, तरी सरासरी हातात आली, आणि मग 98 भागिले 4 करून बघायचं. दुमडलेली पट्टी चौघांच्या पावलांशेजारी धरायला सांगा. एकाला 2 सेंटिमीटर जास्त, दुसऱ्याला 1 जास्त, तिसऱ्याला अर्धा कमी, चौथ्याला अडीच कमी. जास्तीची बेरीज 3, कमीचीही 3. हे प्रत्येक वेळी जुळतं, कुठलेही चौघे घ्या. मुलं दोन-तीनदा करून बघतात.

मग नंबरांकडे परत. सारणीवरून सरासरी काढताना मूल कुठे घसरतं ते आकड्यांवरूनच ओळखता येतं, म्हणून मी मुलींचीच सारणी परत घेते. मुलींची एकूण बेरीज: 3 दोनदा 6, 4 पाचदा 20, 5 सातदा 35, 6 तीनदा 18, मिळून 79. भागिले 17, सुमारे 4.65. ज्याचं उत्तर 4.5 आलं त्याने 3, 4, 5, 6 ची बेरीज करून 4 ने भागलंय, म्हणजे वारंवारता बघितलीच नाही. ज्याचं 19.75 आलं त्याने बेरीज बरोबर केली पण मुलींच्या संख्येऐवजी ओळींच्या संख्येने भागलं. दोघांच्या चुका वेगळ्या, सांगायचंही वेगळं. पहिल्याला सांगायचं, चिठ्ठ्या मांड आणि एकेक करून बेरीज कर, दुसऱ्याला एवढंच विचारायचं की 19 नंबरची चप्पल कुणाला होईल. सगळ्यात मोठी मुलगी सहाची असताना सरासरी सहाच्या वर जाऊच शकत नाही, हे मुलांना एकदा कळलं की ती स्वतःच उत्तर तपासायला लागतात.

पूर्ण वर्गाची बेरीज 208, भागिले 35, सुमारे 5.94.

आता ती मघाची गंमत. 5 नंबरची एक चिठ्ठी काढून तिच्या जागी मी 38 लिहिलेली ठेवते आणि म्हणते, एकीने सँडलवरचा आकडा लिहून दिला, आता तिन्ही परत काढा. बेरीज 33 ने वाढून 241, सरासरी 6.89, जवळजवळ एक नंबर वर सरकली एका चिठ्ठीने. मध्यक? 5 मधला एक गेला आणि टोकाला एक आला, अठरावं मूल अजूनही 6 वालंच. जागचा हललाही नाही. आणि बहुलक, जो हलणार नाही असं सगळे समजत असतात, तो बदलला! 5 आता सातच राहिले, 7 आठ, म्हणजे दोन बहुलक होते त्यातला एक गेला. पुस्तकात "टोकाच्या किमतीचा बहुलकावर परिणाम होत नाही" असं सहज म्हटलेलं असतं, तर इथे परिणाम टोकाच्या 38 मुळे नाही, 5 मधली एक चिठ्ठी कमी झाल्यामुळे झाला, आणि आठ-आठची बरोबरी असताना एक चिठ्ठीही पुरते. हे मुलांकडून वदवून घ्या, घाईने सांगू नका.

मग विचारायचं, या 38 चं करायचं काय? बरीच मुलं म्हणतात काढून टाका. नको. त्या मुलीला पाय आहेत, तिलाही चप्पल लागते. 38 म्हणजे आपल्याकडचा साधारण 5, तो बदलून लिहायचा. विचित्र दिसणारा आकडा खोडायच्या आधी तो कुठून आला ते विचारायचं, ही सवय इथे लागते. 13 चीही तीच गोष्ट, ती मी घरी विचार करायला देते: बारक्या भावाच्या बुटावर 13 आहे आणि ताईच्या 4, तर मोठं पाऊल कुणाचं?

तिसरा तास. तोपर्यंत फळ्यावर एका ओळीत आलेलं असतं: सरासरी 5.94, मध्यक 6, बहुलक 5 आणि 7. मी म्हणते, वर्गासाठी 35 जोड बूट मागवायचेत, कुठल्या नंबराचे? हा प्रश्न आता खोटा नाही, 2023-24 पासून सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीला बूट आणि मोजे मिळतात, आणि नंबरांची यादी शाळेलाच करावी लागते, मुलांना ते माहीत असतं. पहिलं उत्तर येतं "सरासरीचे, म्हणजे 5.94". असा बूट मिळत नाही. "मग 6, मध्यकही 6 आहे, दोन्ही जुळतात." ठीक, 35 जोड सहाचे मागवले. ज्यांच्या चिठ्ठीत 6 आहे त्यांनी उभं राहा. सहा जण उभे राहतात. एकोणतीस जण बसलेले असतात. इथे वर्ग शांत होतो, आणि ही शांतता मला फार मोलाची वाटते, कारण सरासरी आणि मध्यक दोन्ही बरोबर काढलेत, दोन्ही एकमेकांशी जुळतायत, आणि तरी त्या नंबरापाशी माणसं कमी आहेत.

का कमी आहेत हे मुलांनाच शोधू द्या. मुली आणि मुलगे वेगळे करून तिन्ही काढायला सांगा. मुलींचं 4.65, 5, 5. मुलग्यांचं 129 भागिले 18, म्हणजे 7.17, मध्यक 7, बहुलक 7. वेगवेगळं बघितलं की तिन्ही जवळजवळ येतात. एकत्र केलं की सरासरी दोन गर्दींच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहते. फळ्यावर स्तंभालेख काढला तर 5 वर एक टेकडी, 7 वर एक टेकडी, मधे 6 वर खळगा. दोन बहुलक आले की आत दोन वेगळे गट मिसळलेत का ते बघायचं, एवढं आठवीतल्या मुलाला नक्की कळतं.

मग कुणीतरी म्हणतं की बहुलक घ्या, 5 मागवा. आठच जणांना होतील. म्हणजे बूट मागवायला तिन्हीतलं एकही चालत नाही! सारणीच पाठवावी लागते, 3 चे 2, 4 चे 5, तशी. मी हे मान्य करून टाकते, ओढूनताणून बहुलकच बरोबर असं म्हणत नाही. पण गावातल्या चपलांच्या दुकानदाराकडे आपल्या वर्गाची सारणी नसते, त्याला कुठला नंबर जास्त ठेवायचा हे ठरवायचं असतं, तिथे बहुलक उपयोगी पडतो. घरच्या अभ्यासाला मी हेच देते, दुकानात जाऊन विचारून या की पुरुषांच्या चपलांत कुठला नंबर आधी संपतो आणि बायकांच्या कुठला. दुकानदार खुशीने सांगतात, पेटीत मधले नंबर जास्त आणि कडेचे कमी कसे येतात हेही दाखवतात.

मग सरासरी कशाला? तर सगळ्या बुटांना मिळून किती चामडं, किती रबर लागेल हे काढायचं असेल तर. एकूण हवं असतं तिथे सरासरी, कारण सरासरी गुणिले माणसं बरोबर एकूण, मध्यकाने तसं होत नाही. मोजे सगळ्यांना एकाच मापाचे, ताणणारे मागवायचे असतील तर मध्यक बरा, निम्मी पावलं त्याच्या अलीकडे आणि निम्मी पलीकडे. एवढे तीन प्रसंग पुरतात, आणखी ढीगभर देऊ नका, मुलं मग प्रसंगच पाठ करतात.

तपासायला मी व्याख्या विचारत नाही. उलटा प्रश्न देते: पाच जणांचे नंबर असे लिही की बहुलक 4, मध्यक 5 आणि सरासरी 6 येईल. बेरीज 30 हवी, मधला 5, त्याच्या आधी दोन्ही 4, मग उरलेल्या दोघांची बेरीज 17 आणि दोन्ही 5 हून मोठे आणि वेगळे. 4, 4, 5, 8, 9 हे एक उत्तर, 4, 4, 5, 7, 10 हे दुसरं. ज्याला तिन्हींचा फरक कळलाय तो पाच मिनिटांत करतो, ज्याला नुसती रीत पाठ आहे तो पहिल्या आकड्यालाच अडतो, आणि कुठे अडला त्यावरून त्याला तिन्हीतलं काय कळलं नाही ते लगेच दिसतं.

चिठ्ठ्यांवर तारीख घालून डबा कपाटात ठेवा सर, फेकू नका. जुलैत मोजलं असेल तर जानेवारीत त्याच तक्त्याने परत मोजा आणि दोन्ही सारण्या शेजारी मांडा. मुलींच्या खुणा बऱ्याचशा तिथेच असतात, मुलग्यांच्या उजवीकडे सरकलेल्या असतात, आणि मधला तो खळगा आता कुठे गेला हे बघायला पोरं स्वतःच फळ्याशी येतात.